लोगो तोच, मग कार्डावर एक आणि लेटरहेडवर दुसरा का दिसतो?

प्रश्न: मी स्वतंत्र प्रॅक्टिस करणारी आर्किटेक्ट आहे. लोगो म्हणजे चौकोनात बसणारा नऊ पायऱ्यांचा जिना, दोन समांतर बारीक रेषांनी काढलेला, विटकरी रंगाचा, खाली नाव. स्क्रीनवर छान दिसतो. पण छापून आलेल्या कार्डावर रेषा तुटक दिसतात आणि लेटरहेडवर रंग तपकिरी झालाय. दोन्ही एकाच ऑफिसची वाटतच नाहीत. लोगोला धरून कार्ड आणि लेटरहेडचा सेट नव्याने कसा करायचा?

उत्तर: तुमच्याकडे दोन्ही ठिकाणी एकच फाइल लहान-मोठी करून वापरली गेली आहे, आणि गडबड तिथेच झाली आहे. लोगो सगळीकडे सारखा दिसायला हवा असेल तर तो प्रत्येक मापासाठी आणि प्रत्येक कागदासाठी थोडा वेगळा बनवावा लागतो. ड्रॉइंगमध्ये तुम्ही हेच करता. १:१०० च्या प्लॅनमधली खिडकी आणि १:५ च्या डिटेलमधली खिडकी एकच असते, पण १:५ चं डिटेल जसंच्या तसं आकसून कोणी प्लॅनमध्ये टाकत नाही. लोगोच्या बाबतीत मात्र भलेभले नेमकं तेच करतात.

आधी रेषांचं गणित बघू. समजा मूळ लोगो ६० मि.मी. रुंदीला धरून काढला आहे, रेषा ०.३५ मि.मी. जाड आणि दोन रेषांमध्ये १ मि.मी. अंतर. कार्डावर हे चिन्ह १२ मि.मी. रुंद बसतं, म्हणजे पाचपट लहान. आता रेषा झाली ०.०७ मि.मी. आणि मधलं अंतर ०.२ मि.मी. ऑफसेटवर भरवशाने छापता येणारी सगळ्यात बारीक रेषा पाव पॉइंटची, म्हणजे साधारण ०.०९ मि.मी., आणि तीही एकाच शाईत शंभर टक्के असेल तेव्हा. तुमची रेषा त्याहून बारीक आहे आणि वर विटकरी, म्हणजे दोन-तीन शाया मिसळून झालेला रंग आहे. अशा रंगातल्या काही शाया टक्केवारीने, ठिपक्यांनी छापल्या जातात. ठिपक्यांच्या एका ओळीपेक्षाही रेषा बारीक असेल तर ती तुटकच दिसणार, त्यात छापणाऱ्याचा दोष नाही. शिवाय मॅजेंटा आणि पिवळा एकमेकांवर केसभर जरी सरकले तरी रेषेच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला पिवळट झाक येते. जाड आकारात ती लपते, बारीक रेषेत उघडी पडते. कार्ड भिंगाखाली धरून बघा, दोन्ही प्रकार तिथे दिसतील.

लेटरहेडवर उलटं होतं. बाँड पेपरवर शाई थोडी पसरते आणि ०.२-०.३ मि.मी.ची फट अर्धवट भरून येते. म्हणजे एकच जिना कार्डावर तुटक आणि लेटरहेडवर बुजलेला.

यावर उपाय म्हणजे लोगोची लहान आवृत्ती वेगळी काढणं. तुमच्या जिन्यासाठी ती अशी होईल: चौकोन तोच, जिन्याची दिशा तीच, सुरुवात आणि शेवटाची जागाही तीच, पण पायऱ्या नऊऐवजी चार. दोन रेषा आणि मधली फट यांच्याऐवजी एकच भरीव पट्टी, चिन्हाच्या रुंदीच्या विसाव्या भागाएवढी जाड. १२ मि.मी.च्या चिन्हात ती ०.६ मि.मी. येते आणि १६ मि.मी.च्या चिन्हात ०.८. एवढ्या जाडीत ठिपकेही सामावतात आणि केसभर सरकलेली शाईही खपून जाते. चौकोनात बसणारा जिना असल्याने चढ आणि पायरी सारखीच, नऊ असोत की चार. असा जिना साइटवर कोणी चढू शकणार नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण लोगोत तो चालतो आणि त्याचा कोन बदलत नाही, हेच इथे कामाचं आहे. माणसाला पायऱ्यांची संख्या आठवत नाही. तिरका दाते असलेला आकार आणि त्याचा रंग आठवतो.

नऊ पायऱ्यांचा मूळ लोगो रद्द करायची गरज नाही. साइटवरचा बोर्ड, वेबसाइटचं पहिलं पान, प्रेझेंटेशनची सुरुवात, तिथे तो राहू दे. २५ मि.मी.पेक्षा लहान जिथे वापरायचा तिथे चार पायऱ्यांचा, असा एक नियम करून टाका. मग रबरी शिक्का आणि व्हॉट्सॲपचा डीपी यांचाही प्रश्न सुटतो.

लहान आवृत्ती काढताना फाइलमधल्या दोन गोष्टी सांभाळा. आर्किटेक्टचे लोगो बऱ्याचदा `AutoCAD` मधून आलेले असतात. तिथून आलेला आकार दिसायला सलग असतो, पण आत सुट्या तुकड्यांचा असतो, त्यात रंग भरत नाही आणि कोपऱ्यात टोकं उघडी राहतात. `Illustrator` किंवा `CorelDRAW` मध्ये आकार पुन्हा, बंद आकार म्हणून काढा. चार पायऱ्या आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं, रेषा रेषा म्हणून ठेवू नका, तिचं आकारात रूपांतर करा (`Illustrator` मध्ये `Outline Stroke`, `CorelDRAW` मध्ये `Convert Outline to Object`). नाहीतर कोणीतरी लोगो लहान करतो, रेषेची जाडी मात्र मूळचीच राहते आणि जिना जाडजूड होऊन बसतो. `CorelDRAW` मधली `Hairline` ही जाडी तर चुकूनही वापरू नका. ती स्क्रीनवर आणि ऑफिसच्या प्रिंटरवर दिसते, पण प्लेट काढणारं मशीन तिला आपल्याला जमेल तेवढी बारीक काढतं आणि छापल्यावर ती जवळजवळ गायब होते.

आता मांडणी. सेट एकसारखा वाटायचा तर दोन्ही कागदांवरची मापं लोगोतूनच निघाली पाहिजेत. आपल्याकडे चार पायऱ्या आहेत, तेव्हा एका पायरीची रुंदी हे एकक धरा.

कार्ड ८९ × ५१ मि.मी., म्हणजे आपल्याकडचं नेहमीचं साडेतीन बाय दोन इंच. चिन्ह १२ मि.मी., तर पायरी ३ मि.मी. डावा, वरचा आणि खालचा समास प्रत्येकी दोन पायऱ्या, म्हणजे ६ मि.मी. चिन्ह डावीकडे वर. त्याखाली तीन पायऱ्यांची, ९ मि.मी. मोकळी जागा. मग चिन्हाच्याच डाव्या कडेला धरून मजकूर: नाव १० पॉइंट, खाली ७ पॉइंटमध्ये ‘आर्किटेक्ट’ आणि नोंदणी क्रमांक, थोडी जागा सोडून फोन आणि ईमेल. उंचीचा हिशेब करून बघा: ५१ मधून समासाचे १२, चिन्हाचे १२ आणि मोकळे ९ गेले की मजकुराला १८ मि.मी. उरतात. नावाची ओळ ५ मि.मी., ७ पॉइंटची प्रत्येक ओळ साडेतीन मि.मी., अशा तीन ओळी, म्हणजे साडेपंधरा. मधल्या जागेसह बसतं. चौथी ओळ बसत नाही, आणि ती न बसलेलीच बरी. घरूनच काम करत असाल तर पूर्ण पत्ता कार्डावर देण्याची गरज नसते, मागच्या बाजूला परिसर आणि शहर पुरतं.

लेटरहेड ए-फोर, २१० × २९७ मि.मी. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे कागद मोठा म्हणून लोगोही त्याच प्रमाणात मोठा करणं. कार्डावर १२ तर ए-फोरवर प्रमाणाने २८ मि.मी. येतील, आणि ते लेटरहेड कमी, जाहिरात जास्त दिसेल. कार्ड आणि पत्र माणूस जवळपास सारख्याच अंतरावर धरून वाचतो. त्यामुळे लेटरहेडवरचं चिन्ह कार्डापेक्षा सव्वा ते दीडपट, एवढंच मोठं हवं. आपण १६ मि.मी. घेऊ. पायरी झाली ४ मि.मी. डावा समास सहा पायऱ्या, २४ मि.मी.; वरून चार पायऱ्या सोडून चिन्ह, त्याखाली एक पायरी सोडून नाव. पत्राचा मजकूर वरून १४ पायऱ्यांवर, म्हणजे ५६ मि.मी.वर सुरू, आणि त्याची डावी कड चिन्हाच्या डाव्या कडेच्या बरोबर खाली. पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक तळाशी दोन ओळींत, खालून तीन पायऱ्या सोडून. मधे मजकुराला साधारण २०९ मि.मी. मिळतात. ११ पॉइंट अक्षर आणि १५ पॉइंट ओळीला एकोणचाळीस ओळी बसतात, एका पानाच्या पत्राला पुरेशा.

एक गोष्ट दोन्हीकडे तशीच ठेवली आहे: नाव चिन्हाच्या खाली आणि डाव्या कडेला. कार्डावर नाव खाली आणि लेटरहेडवर चिन्हाशेजारी असं केलंत की माप, रंग, अक्षर सगळं जुळूनही सेट सुटा वाटतो. चिन्ह आणि नाव यांची जागा हा लोगोचाच भाग आहे.

डावा समास २४ मि.मी. का, तर हे पत्र महापालिकेत किंवा सोसायटीच्या फाइलमध्ये जाणार आहे. सरकारी नस्तीत वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवतात. चिन्ह कोपऱ्यापासून १० मि.मी.वर असेल तर भोक थेट पायऱ्यांतून जातं. २४ आणि १६ मि.मी.वर ते वाचतं. तसंच उजवीकडे खाली सही आणि शिक्क्यासाठी किमान ४५ मि.मी. रुंद जागा मोकळी राहू दे. तिथे वॉटरमार्क म्हणून फिका जिना घालायचा मोह होतो. घालू नका, शिक्का त्यावर वाचता येत नाही आणि झेरॉक्समध्ये त्याचे काळे डाग होतात.

चौकटीचा मोहही आवरा. कार्डाच्या कडेपासून २ मि.मी.वर बारीक चौकट आर्किटेक्ट मंडळींना फार आवडते. पण कटिंगला अर्धा-पाऊण मि.मी. इकडेतिकडे होतंच. एका बाजूला १.३ आणि दुसऱ्या बाजूला २.७ मि.मी. राहिलं की चौकट वाकडी दिसते, आणि तुमच्या धंद्यात वाकडी चौकट अजिबात शोभत नाही.

अक्षरांबद्दल दोन मुद्दे आहेत, आणि दोन्ही खास आर्किटेक्टच्या आवडीतून येतात. पहिला, हलक्या राखाडी रंगात अगदी बारीक अक्षर. साठ टक्के काळा म्हणजे पुन्हा ठिपकेच. साडेसहा पॉइंटच्या लाइट वजनाच्या अक्षराची काठी ठिपक्यांत विरघळते. चाळिशी पार केलेल्या क्लायंटला फोन नंबरातला ३ की ८ ते कळत नाही. अक्षर हलकं वाटायला हवं असेल तर शंभर टक्के काळं, रेग्युलर वजनाचं आणि आकाराने लहान ठेवा, भोवती जागा सोडा.

दुसरा, अक्षरं विरळ करणं. रोमन कॅपिटलमध्ये ‘आर्किटेक्ट’ सुटं सुटं लिहिलेलं चांगलं दिसतं. तीच सेटिंग देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताला फटी पडल्यासारखा दिसतो. मराठी बाजूला ट्रॅकिंग शून्यच ठेवा. तिथे वेगळेपण हवं तर वजनात फरक करा. दोन्ही लिप्यांना एकाच घराण्याचा फॉन्ट घ्या, म्हणजे काठीची जाडी जुळते. मुक्त आणि पॉपिन्स या दोन्हींत देवनागरी आणि रोमन बरोबर मिळतात आणि दोन्ही मोफत आहेत. चार पायऱ्यांच्या सरळ, भौमितिक चिन्हाशी पॉपिन्स जास्त जमतो. त्यात देवनागरीचं मूळ अक्षर रोमनच्या कॅपिटलपेक्षा थोडं उंच आहे, त्यामुळे सारख्या पॉइंटला मराठी मोठं वाटतं. रोमन ७ असेल तर मराठी साडेसहा करून शेजारी ठेवून बघा. ओळींमधलं अंतर मात्र मराठीला जास्तच द्या, साडेसहाला किमान १० पॉइंट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो.

मराठी मजकूर प्रेसला देताना अक्षरांचं आकारात रूपांतर करूनच द्या (`CorelDRAW` मध्ये `Ctrl+Q`, `Illustrator` मध्ये `Ctrl+Shift+O`). प्रेसच्या संगणकावर तुमचा युनिकोड फॉन्ट नसला, किंवा सॉफ्टवेअर जुनं असलं, तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते आणि ऑपरेटरला मराठी येत असूनही घाईत ते दिसत नाही. रूपांतर करण्याआधीची, दुरुस्त करता येणारी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा.

आता रंग, तुमची दुसरी तक्रार. चकचकीत किंवा मॅट आर्ट कार्डावर शाई वर राहते आणि रंग खुलतो. बाँड पेपरमध्ये शाई मुरते, ठिपके पसरून मोठे होतात, म्हणजे रंग एकाच वेळी मळका आणि गडद होतो. विटकरी हा आधीच मळका रंग. त्यात काळ्या शाईचा अंश असतो आणि बाँडवर तोच फुगतो, म्हणून तपकिरी. अशा वेळी दोन्ही फाइलींत रंगाचे आकडे सारखे ठेवले तर छापून येणारे रंग वेगळेच येणार. सुरुवातीला हे घेऊन बघा:

```
कार्ड (आर्ट कार्ड):   C0  M75  Y85  K15
लेटरहेड (बाँड):      C0  M70  Y85  K5
```

हे अंतिम आकडे नाहीत. प्रत्येक कागद आणि प्रत्येक प्रेस थोडं वेगळं वागते. पण बदल कोणत्या दिशेने करायचा ते यावरून कळेल: बाँडसाठी काळा जवळजवळ काढून टाका, मॅजेंटा थोडा उतरवा. कार्डावर मॅट लॅमिनेशन करणार असाल तर तिथेही रंग थोडा बसतो, हे धरून काळा १५ वरून १० करा.

याहून चांगला मार्ग आहे, पण थोडा खटपटीचा. मुळात दोन्हींसाठी एकाच जातीचा कागद घ्या: कार्डाला ३०० जीएसएमच्या वरचा, कोटिंग नसलेला कार्डशीट आणि लेटरहेडला त्याच शेडचा १०० जीएसएम बाँड. मग दोन्ही कामं दोन रंगांत, काळा आणि खास मिसळलेली विटकरी शाई, एकाच प्रेसवर लागोपाठ छापून घ्या. एकाच डब्यातली शाई, एकाच प्रकारचा कागद, रंग जुळवायची भानगडच नाही, आणि विटकरी भरीव शाईत येत असल्याने ठिपकेही नाहीत. मर्यादा एवढीच की स्वस्तातली कार्डं जिथे दहा जणांची एकाच शीटवर चार रंगांत छापतात तिथे हे होत नाही. लहान ऑफसेटवाला शोधावा लागतो आणि शंभर-दोनशे नगांसाठी ते परवडत नाही. हजार कार्डं आणि हजार लेटरहेड काढणार असाल तर विचारून बघाच. शेड जुळवताना दोन्ही कागद दिवसा खिडकीशी शेजारी ठेवून बघा. एक निळसर पांढरा आणि दुसरा पिवळसर असेल तर त्यावरची एकच शाईसुद्धा दोन रंगांची वाटते.

कोटिंग नसलेल्या कार्डाचा आणखी एक फायदा: त्यावर पेनने लिहिता येतं. साइटवर कार्ड देताना कॉन्ट्रॅक्टर मागे काहीतरी लिहून घेतोच. मॅट लॅमिनेशनवर जेल पेन फासतं.

काळा मजकूर फक्त काळ्या शाईत असला पाहिजे. `Word`, `Canva` किंवा आरजीबी फाइलमधून आलेला काळा चारही शायांचा होतो आणि ७ पॉइंटच्या अक्षरांना रंगीत कडा येतात. तपासायला सोपं आहे. पीडीएफ `Acrobat Pro` मध्ये उघडून `Output Preview` मध्ये `Black` वरची खूण काढा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. त्याच्या जागी चॉकलेटी भूत उरलं तर फाइल परत करा. त्याच खिडकीत जिन्यावर कर्सर नेला की विटकरीचे खरे आकडे दिसतात. कार्डाची फाइल चारही बाजूंना ३ मि.मी. ब्लीड धरून ९५ × ५७ मि.मी.ची करा आणि `PDF/X-1a` म्हणून काढा.

मजकुरात काय घालायचं यावर थोडक्यात. ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं, म्हणून सीए/वर्ष/क्रमांक या धर्तीचा नोंदणी क्रमांक दोन्हीवर हवा. लेटरहेडवर तर नक्कीच, कारण तुमची प्रमाणपत्रं त्यावर जातात. जीएसटी क्रमांक असेल तर तो लेटरहेडच्या तळाशी. पंधरा अक्षरांचा तो क्रमांक कार्डावर नको. वारंवार बदलू शकणारं काही (भाड्याच्या ऑफिसचा पत्ता, दुसरा मोबाइल) हजारांच्या छपाईत टाकू नका.

छापलेलं लेटरहेड पुन्हा तुमच्या लेझर प्रिंटरमधून जाणार आहे, हे प्रेसला आधी सांगा. लेझर प्रिंटरचा फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो. उठावाची छपाई किंवा फॉइल केलेला लोगो त्यात मऊ होऊन रोलरला चिकटतो आणि पुढच्या पानांवर जिन्याचे ठसे उमटतात. डिजिटल मशीनवर टोनरने छापलेल्या लेटरहेडचंही असं होऊ शकतं. साधी ऑफसेट शाई चालते, पण ती पूर्ण वाळायला काही दिवस द्या. आज छापून आज प्रिंटरमध्ये घालू नका. रिम हातात आली की आधी पाच पानं प्रिंटरमधून काढून, सहावं कोरं पान पाठवून त्यावर काही उमटतंय का बघा. ८० जीएसएमखालच्या कागदावर मागचं पान दिसतं आणि १२० च्या वरचा साध्या प्रिंटरमध्ये अडकतो, म्हणून १०० बरा.

आजकाल निम्मी पत्रं ईमेलनेच जातात, तेव्हा `Word` ची फाइल हा सेटचा तिसरा भाग धरा. छापील लेटरहेड स्कॅन करून हेडरमध्ये टाकलेली ऑफिसं बरीच आहेत. त्यातला लोगो फिकट, कागद करडा आणि फाइल जड होते. त्याऐवजी चिन्ह `SVG` म्हणून हेडरमध्ये घाला. जुन्या `Word` मध्ये `EMF`. `PNG` वापरणार असाल तर `File > Options > Advanced` मध्ये `Do not compress images in file` वर खूण करा, नाहीतर सेव्ह करताना `Word` चित्र दाबून टाकतं. `Word` मध्ये रंग आरजीबीच असतो, म्हणून विटकरीचा एक आरजीबी आकडा ठरवून तोच वेबसाइटलाही वापरा. तो ठरवताना छापून आलेलं मंजूर कार्ड समोर ठेवून ठरवा. उलट दिशेने गेलात, म्हणजे स्क्रीनचा रंग कागदावर आणायला गेलात, की निराशा ठरलेली, कारण स्क्रीनवरचा उजळपणा शाईत येत नाही.

मापं तीच: डावा समास २४ मि.मी., पहिल्या पानाचा मजकूर ५६ मि.मी.वर. `Different First Page` सुरू करून दुसऱ्या पानापासून फक्त चिन्ह ठेवा, ८ मि.मी.चं, त्याच डाव्या कडेला, आणि मजकूर ३२ मि.मी.वरून सुरू करा. तळाशी कडेपर्यंत जाणारी रंगीत पट्टी ठेवू नका. घरचे आणि ऑफिसचे प्रिंटर कागदाच्या कडेला चार-पाच मि.मी. छापतच नाहीत, त्यामुळे छापील लेटरहेडवर कडेला भिडलेली पट्टी प्रिंटरमधून काढलेल्या पत्रावर पांढरी किनार घेऊन येते.

छपाईला देण्याआधी दोन्ही गोष्टी साध्या लेझरवर `Actual size` ने काढा. `Fit` वर असेल तर माप तीन-चार टक्के आकसतं आणि तपासणीला अर्थ राहत नाही. कार्ड कापून लेटरहेडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोन्ही चिन्हांच्या डाव्या कडा एका रेषेत येतील असं ठेवा. हातभर अंतरावरून दोन्ही जिने एकाच वजनाचे वाटले पाहिजेत. लेटरहेडवरचा जड वाटला तर पट्टी ०.८ वरून ०.७५ करा. बाँडवर ती थोडी फुगणारच आहे. रंग मात्र लेझरवर तपासू नका. त्यासाठी प्रेसकडून प्रत्यक्ष ज्या कागदावर छापणार त्यावरच नमुना मागा, आणि पसंत पडला की त्यावर सही-तारीख घालून एक प्रत प्रेसकडे, एक स्वतःकडे पाकिटात, उजेडापासून दूर ठेवा. दोन वर्षांनी कार्डं संपली की ‘मागच्यासारखीच छापा’ एवढंच सांगून काम देऊ नका. तो सही केलेला नमुना मशीनवर ठेवायला द्या आणि पहिल्या पंचवीस शीट निघाल्यावर त्याच्याशी ताडून मगच पुढची छपाई सुरू करायला सांगा.